निम्मं पीक मालकाला, तर शेवटची खुरपणी कोण करणार?

बटईचा करार ऐकायला न्याय्य वाटतो. जमीन एकाची, कष्ट दुसऱ्याचे, आणि खळ्यावर आलेलं धान्य निम्मं-निम्मं. साल चांगलं गेलं तर दोघांचं भलं, वाईट गेलं तर दोघांनी सोसायचं. शेतीवर जगणाऱ्या बहुतेक समाजांमध्ये कधी ना कधी हा करार आढळतो. तरीही अर्थशास्त्रात त्याच्यावर अडीचशे वर्षांपासून एक आक्षेप घेतला जातो: वाट्यानं कसलेल्या शेतात जेवढं काम व्हायला हवं, तेवढं होत नाही.

हा आक्षेप बटईदाराच्या स्वभावावर नाही, हे आधीच सांगायला हवं. आळशी माणसाची इथे चर्चाच नाही. जो माणूस पहाटे उठतो, स्वतःच्या तुकड्यावर जीव ओतून राबतो आणि प्रत्येक दिवसाचा हिशेब ठेवतो, तोच माणूस वाट्याच्या शेतात थोडा आधी हात आखडता घेतो. त्याचं कारण कराराच्या रचनेत आहे. ते आकड्यांशिवाय नीट दिसत नाही, म्हणून एक उदाहरण सावकाश सोडवून पाहू.

समजा, एका शेतात पेरणी झाली आहे. यापुढे काहीच केलं नाही, तण तसंच वाढू दिलं, तरी ३६० किलो धान्य हाती येईल. खुरपणी, पाण्याची पाळी, राखण या कामांना बटईदारानं एक आठवडा दिला, तर उत्पन्न ३०० किलोंनी वाढतं. दुसऱ्या आठवड्यानं २४०, तिसऱ्यानं १८०, चौथ्यानं १३०, पाचव्यानं ९० आणि सहाव्यानं ५० किलोंची भर पडते. भर कमी कमी होत जाते, कारण सगळ्यात नडणारं तण आधी निघतं आणि नंतर उरतं ते बारीकसारीक काम. हाच माणूस दुसरीकडे मजुरीला गेला, तर त्याला आठवड्याला ८० किलो धान्याइतकी मजुरी मिळते. म्हणजे या शेतातला प्रत्येक आठवडा त्याला ८० किलोंना पडतो.

शेत त्याचं स्वतःचं असेल, तर तो पाच आठवडे राबेल. पाचव्या आठवड्यात ८० किलो सोडून ९० मिळतात, तेव्हा काम परवडतं. सहाव्यात ८० सोडून ५० मिळतात, तेव्हा तो थांबतो. एकूण धान्य १३०० किलो होतं.

आता तेच शेत निम्म्या वाट्यानं घेऊ. जमीन तीच आहे, माणूस तोच आहे आणि पाऊसही तेवढाच आहे. पहिल्या आठवड्याच्या ३०० किलोंपैकी त्याच्या घरी १५० जातात, दुसऱ्यातले १२०, तिसऱ्यातले ९०. इथपर्यंत ठीक आहे, ९० म्हणजे मजुरीपेक्षा जास्तच. चौथ्या आठवड्यात मात्र शेतात १३० किलोंची भर पडते आणि त्याच्या पदरात ६५ येतात. मजुरीला गेला तर ८० मिळतात. तो मजुरीला जातो. शेत तीन आठवड्यांवर थांबतं आणि धान्य १०८० किलो होतं.

चौथ्या आणि पाचव्या आठवड्याचं काम झालं असतं, तर २२० किलो धान्य जास्त आलं असतं, आणि त्या कामाची खरी किंमत होती १६० किलो. म्हणजे ६० किलोंचा निव्वळ फायदा कुणाच्याच हाती न लागता शेतातच राहिला. तो मालकानं लुटला नाही आणि बटईदारानंही नाही. तो निर्माणच झाला नाही. कष्ट पूर्ण एकाचे आणि त्या कष्टांचं फळ मात्र वाटून, असा करार असला की कष्ट थांबवण्याची जागा अलीकडे सरकते. या साऱ्या वादाचं मूळ इथे आहे.

ॲडम स्मिथनं १७७६ मध्ये फ्रान्समधल्या निम्म्या वाट्याच्या शेतकऱ्यांबद्दल लिहिताना हेच हेरलं होतं. त्याचं म्हणणं असं की आपल्या वाट्यातून वाचवलेली पुंजी हे शेतकरी जमीन सुधारण्यात कधीच घालणार नाहीत, कारण ज्या मालकानं काहीच घातलं नाही तो त्यातून येणाऱ्या पिकाचा अर्धा भाग नेणार. चर्चला द्यावा लागणारा दहावा हिस्सासुद्धा जमीन सुधारण्याच्या आड येतो, मग निम्म्या हिश्शाचं काय, हा त्याचा युक्तिवाद होता. पुढे १८९० मध्ये आल्फ्रेड मार्शलनं तोच मुद्दा काटेकोर मांडला: निम्मा वाटा देणारा शेतकरी असं कुठलंही काम करणार नाही, ज्याचं एकूण फळ त्याच्या खर्चाच्या दुपटीपेक्षा कमी आहे. आपल्या उदाहरणात चौथ्या आठवड्याचं फळ १३० आणि दुप्पट खर्च १६०. म्हणून काम तिथे थांबलं.

एक बारकावा इथेच नोंदवायला हवा, कारण तो सहसा सुटतो. नुकसान किती होणार हे बटईदाराला बाहेर काय मिळतं यावर अवलंबून असतं. बाहेर काम जवळजवळ नाहीच आणि आठवड्याची किंमत त्याला ४० किलोच पडते असं धरलं, तर स्वतःच्या शेतात तो सहा आठवडे राबेल आणि वाट्याच्या शेतात पाच. पाचव्या आठवड्याच्या ९० पैकी ४५ त्याला मिळतात, तेही त्याला परवडतं. फरक फक्त ५० किलोंचा उरतो. म्हणजे ज्याच्याकडे दुसरा पर्यायच नाही, त्याच्या शेतात बटईचा दोष फारसा दिसत नाही. तो गरजेपोटी राबतो. बाहेर काम मिळू लागलं की मग तो दोष उघडा पडतो. म्हणूनच एका ठिकाणी बटईचं शेत उत्तम पिकलेलं दिसलं, तर त्यावरून करार निर्दोष ठरत नाही.

मग ठरावीक खंड का नाही?

उपाय तर समोरच आहे. मालकानं निम्मा वाटा सोडावा आणि हंगामाला ठरावीक ५४० किलो खंड घ्यावा. बटईत त्याला तेवढंच मिळत होतं, १०८० चे निम्मे. आता चौथ्या आणि पाचव्या आठवड्याचं सगळं फळ कसणाऱ्याचं आहे, म्हणून तो पाच आठवडे राबेल. १३०० किलो पिकतील, त्यातून ५४० खंड जाईल, ७६० उरतील. पाच आठवड्यांच्या कष्टांची किंमत ४०० वजा केली तर ३६० किलो शिल्लक. बटईत त्याच्याकडे ५४० मधून २४० जाऊन ३०० शिल्लक राहत होते. मालकाचा दाणाही कमी न होता कसणाऱ्याला ६० किलो जास्त मिळाले. खंड आणि वाटा दोन्ही मालकाकडेच जातात, पण खंड हंगामाआधीच ठरलेला असतो, तर वाटा प्रत्येक वाढीव दाण्यातून कापला जातो. शेवटच्या आठवड्याचा निर्णय घेताना हा फरक निर्णायक ठरतो.

मग जगभर सगळे शेतकरी खंडानं का घेत नाहीत? त्याचं उत्तर वाईट सालात मिळतं.

पाऊस दगा देतो आणि पीक एक-तृतीयांशावर येतं असं समजा. खंडानं घेतलेल्या शेतात १३०० ऐवजी सुमारे ४३० किलो धान्य येईल आणि द्यायचे आहेत ५४०. सगळं धान्य दिलं तरी ११० किलोंचं कर्ज डोक्यावर, आणि घरात खायला काही नाही. बटईच्या शेतात १०८० ऐवजी ३६० येतील, १८० मालकाचे, १८० आपले. हलाखी आहे, पण घर चालतं आणि कर्ज होत नाही. ज्याच्याकडे साठवण नाही, विमा नाही आणि उसनं मागायला जागा नाही, त्याच्यासाठी चांगल्या सालातल्या ६० किलोंपेक्षा वाईट सालातली ही ढाल मोलाची आहे. जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी १९७४ मध्ये बटईचा विचार याच चौकटीत मांडला: ठरावीक मजुरीत सगळी जोखीम मालकाची आणि मजुराला जास्त राबायचं कारण नाही, ठरावीक खंडात सगळी जोखीम कसणाऱ्याची आणि राबायचं कारण पूर्ण, बटई या दोन टोकांच्या मधली तडजोड आहे. थोडी मेहनत गमावायची आणि त्या बदल्यात जोखीम वाटून घ्यायची.

मला हा विचार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामुळे बटई हा मागासलेपणाचा अवशेष न राहता परिस्थितीला दिलेलं उत्तर ठरते. पण एक गोष्ट विसरू नये. तडजोडीत जे गमावलं जातं ते खरोखरच गमावलं जातं. ढाल मिळाली म्हणून ते ६० किलो परत येत नाहीत.

मालकानं लक्ष ठेवलं तर?

स्टीव्हन चुंग यांनी १९६९ मध्ये या सगळ्या युक्तिवादालाच आव्हान दिलं. त्यांचं म्हणणं असं की मालक काही मूर्ख नाही. कमी काम झालं तर त्याचाही वाटा घटतो. मग तो करारातच घालेल की पाच आठवडे काम झालंच पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी शेत दुसऱ्याला. असं झालं तर बटईतही पाच आठवडे काम होईल आणि नुकसान शून्य.

तर्क बिनचूक आहे, पण तो एका अटीवर उभा आहे. काम किती झालं आणि कसं झालं हे मालकाला दिसलं पाहिजे, आणि इथे शेती बरीचशी अपारदर्शक आहे. खताची पोती मोजता येतात, नांगराच्या पाळ्या मोजता येतात, बियाणं कुठलं वापरलं तेही कळतं. पण खुरपणी मुळापासून झाली की वरवर? पाणी योग्य दिवशी दिलं की दोन दिवस उशिरा? पाखरं हाकायला कुणी खरंच बांधावर होतं का? हे मालकाला तिथे दिवसभर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. आणि दिवसभर उभं राहायचं असेल, तर मग मजूर लावूनच शेत करणं सोपं. पीक कमी आलं की त्यावरूनही निवाडा होत नाही, कारण १०८० किलो आले ते दोन आठवड्यांचं काम टळल्यामुळे की पाऊस चार दिवस लांबल्यामुळे, हे धान्याच्या ढिगाकडे पाहून कुणी सांगू शकत नाही.

यातून एक उपयोगी भाकीत निघतं. जी गोष्ट दिसते आणि मोजता येते, तिचा खर्चही वाटून घेता येतो. मालकानं खताचा निम्मा खर्च उचलला, तर बटईदाराचा खर्च निम्मा आणि फळही निम्मं, त्यामुळे तो तेवढंच खत घालेल जेवढं स्वतःच्या शेतात घातलं असतं. (ते खत गुपचूप स्वतःच्या तुकड्यावर गेलं नाही तर. ही तक्रार मालक नेहमी करतात, आणि ती निराधार नाही.) पण पाठीच्या दुखण्याचा निम्मा खर्च कुणाला उचलता येत नाही. म्हणून बटईची झळ सगळ्यात जास्त बसायला हवी ती न दिसणाऱ्या, न मोजता येणाऱ्या, घरच्या माणसांच्या कष्टांना.

फरक मोजायचा कसा?

वाट्यानं केलेली शेतं कमी पिकतात, एवढं दाखवून काही सिद्ध होत नाही. कदाचित मालक चांगली जमीन स्वतः कसतो आणि हलकी वाट्यानं देतो. कदाचित बैलजोडी, पैसा, अनुभव असलेले शेतकरी खंडानं घेतात आणि ज्यांच्याकडे हे काही नाही ते वाट्यानं. मग दिसणारा फरक जमिनीचा किंवा माणसाचा असेल, कराराचा नसेल.

यावर रदवान शाबान यांनी १९८७ मध्ये एक सुंदर मार्ग काढला. इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीवर संशोधन करणाऱ्या संस्थेनं १९७५ पासून भारतातल्या काही गावांमध्ये कुटुंबांची शेतवार नोंद ठेवायला सुरुवात केली होती. त्यात सोलापूर आणि अकोला जिल्ह्यांतली गावंही होती. कुठल्या तुकड्यावर किती तास काम झालं, किती बैल लागले, किती बी आणि खत पडलं, किती उत्पन्न आलं, सगळं वहीत होतं. शाबान यांनी त्यातून अशी कुटुंबं निवडली जी एकाच वेळी स्वतःचा तुकडाही कसत होती आणि दुसऱ्याचा तुकडा वाट्यानंही करत होती. माणूस तोच, त्याचं कौशल्य तेच, त्याचे बैल तेच, त्याच्यावरचं कर्जही तेच. म्हणजे माणसामुळे पडणारा फरक आपोआप गळून पडतो.

स्वतःच्या तुकड्यावर एकरी उत्पन्न सरासरी ३३ टक्क्यांनी जास्त निघालं. कष्ट, बैल, बी यांसारख्या मुख्य गोष्टींचा वापर १९ ते ५५ टक्क्यांनी जास्त होता. यात जमिनीचा फरक मिसळलेला होता, कारण स्वतःच्या तुकड्यांना सिंचन जास्त होतं. सिंचन, मातीचा प्रकार आणि जमिनीचं मोल यांचा परिणाम वेगळा काढल्यावर उत्पन्नातला फरक १६ टक्क्यांच्या आसपास उरला. म्हणजे दिसणाऱ्या फरकापैकी निम्मा जमिनीचा होता, पण उरलेला निम्मा कराराचा होता. जर मालकांचं लक्ष चुंग म्हणतात तितकं प्रभावी असतं, तर हा उरलेला फरक शून्याजवळ यायला हवा होता.

तरी एक शंका राहतेच. कुठला तुकडा वाट्यानं द्यायचा हे मालकानं ठरवलेलं असतं, आणि जमिनीचे काही दोष वहीत येत नाहीत. ही शंका मिटवायची तर करार चिठ्ठी टाकून ठरवायला हवा, आणि प्रत्यक्षात कुठला मालक असं करेल?

युगांडामध्ये ते झालं. बुर्खार्डी, गुलेसी, लेर्वा आणि सुलेमान या चार संशोधकांनी ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेबरोबर एक प्रयोग केला, ज्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. संस्था स्वतः मालकाच्या भूमिकेत होती. तिनं तुकडे वाट्यानं कसायला दिले आणि सर्वांशी एकच बोली केली: निम्मं पीक तुमचं, निम्मं आमचं. या बोलीवर ज्यांनी होकार दिला, त्यांच्यात नंतर चिठ्ठ्यांनी तीन गट पाडले. पहिल्या गटाचा वाटा निम्माच राहिला. दुसऱ्या गटाला सांगण्यात आलं की आता तुम्ही ७५ टक्के ठेवायचे. तिसऱ्या गटाचा वाटा निम्माच, पण कराराच्या शेवटी त्यांना वेगळी रक्कम मिळणार होती. काहींना ठरावीक, काहींना नशिबावर कमी-जास्त होणारी.

क्रम फार विचारपूर्वक लावला आहे. सगळ्यांनी होकार दिला तो निम्म्या वाट्याला, त्यामुळे मोठ्या वाट्याच्या ओढीनं जास्त मेहनती माणसं एका गटात जमा होण्याची शक्यता संपली. तिसरा गट आहे तो आणखी एका शंकेसाठी. ७५ टक्के मिळणारा माणूस थोडा श्रीमंत होतो आणि पिकाच्या चढउताराची जोखीमही त्याच्यावर जास्त येते. उत्पन्न वाढलं तर ते या श्रीमंतीमुळे किंवा जोखमीमुळे नाही कशावरून? तिसऱ्या गटाला वरचा पैसा मिळाला, काहींना अनिश्चितताही मिळाली, पण शेतातल्या प्रत्येक वाढीव दाण्यावरचा हक्क निम्माच राहिला.

७५ टक्के ठेवणाऱ्यांच्या शेतात पहिल्या गटापेक्षा ६० टक्के जास्त उत्पन्न निघालं. त्यांनी शेतात जास्त खर्च केला आणि जास्त जोखमीची, जास्त परतावा देणारी पिकंही घेतली. तिसऱ्या गटात पैशाचा किंवा अनिश्चिततेचा परिणाम फार तर किरकोळ होता. म्हणजे उत्पन्न वाढलं ते वाढीव दाणा कुणाचा या एका गोष्टीमुळे. पिकांची निवडही बदलली, हे मला त्यातलं सगळ्यात बोलकं वाटतं. बटईचा परिणाम फक्त खुरपणीच्या तासांवर होत नाही. काय पेरायचं, कुठे धाडस करायचं, हे निर्णयही तो बदलतो.

मग मालक मोठा वाटा का देत नाहीत?

६० टक्के वाढ ऐकली की वाटतं, मालकांनी आपणहून वाटा कमी करायला हवा. हिशेब करून पाहू. निम्म्या वाट्यावर १०० किलो येत होते, तेव्हा मालकाला ५० मिळत. आता १६० येतात, पण मालकाचा हिस्सा २५ टक्के, म्हणजे ४०. पीक ६० टक्क्यांनी वाढूनही मालक १० किलोंनी मागे. कसणाऱ्याचे मात्र ५० चे १२० झाले. मालकाचं उत्पन्न निदान जेवढ्यास तेवढं राहायला पीक दुप्पट व्हावं लागेल.

आपल्या पहिल्या उदाहरणात हे आणखी ठळक दिसतं. तीन-चतुर्थांश वाटा मिळाला तर बटईदार चार आठवडे राबेल, कारण चौथ्या आठवड्याच्या १३० पैकी ९७ किलोंहून जास्त त्याचे. पाचव्याला तो थांबेल, कारण ९० पैकी त्याला ६७ च्या आसपास मिळतील. पीक १२१० किलो. मालकाचा हिस्सा ५४० वरून सुमारे ३०२ वर येतो. बटईदाराकडे कष्टांचा खर्च जाऊन ३०० ऐवजी जवळजवळ ५८७ किलो उरतात. मालक २३८ किलोंनी मागे, बटईदार २८७ किलोंनी पुढे. दोघांचं मिळून ५० किलो जास्त.

ज्याअर्थी दोघांचं मिळून जास्त होतंय, त्याअर्थी सौदा जमायला हवा. बटईदारानं पेरणीआधी मालकाला समजा २५० किलो धान्य द्यावं आणि मग तीन-चतुर्थांश वाट्यानं शेत करावं. दोघेही आधीपेक्षा वर राहतील. कागदावर हे अगदी बरोबर आहे. पण पेरणीआधी २५० किलो धान्य ज्याच्या घरात आहे, तो निम्म्या वाट्यानं शेत मागायला येतच नाही. आणि कर्ज काढून दिले, तर वाईट सालात खंडाचीच गत होते. मेहनत वाया जाण्याचं कारण इथे फक्त करारात नाही. ज्याच्या हातात काही नाही त्याला चांगला करार विकत घेता येत नाही, आणि म्हणून तो कमी पिकवतो, आणि म्हणून त्याच्या हातात काही येत नाही.

हा वेढा बाहेरून मोडण्याचा एक मोठा प्रयत्न पश्चिम बंगालमध्ये झाला. तिथल्या कायद्यानुसार मालक बी, खत, बैल पुरवत नसेल तर बर्गादाराचा, म्हणजे तिथल्या बटईदाराचा, वाटा ७५ टक्के, आणि मालकाचा उरलेला वाटा तो नियमित देत असेल तर त्याला शेतावरून काढता येत नाही. कायदा कागदावर बराच आधीपासून होता, पण नाव नोंदवायला गेलेल्या बर्गादाराला मालक नोंद व्हायच्या आतच हाकलून देई. १९७८ मध्ये सुरू झालेल्या ऑपरेशन बर्गामध्ये महसूल अधिकारी स्वतः गावोगाव शिबिरं घेऊ लागले आणि नोंदणी एकेकट्यानं न होता सगळ्यांसमोर, गटानं होऊ लागली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे १४ लाख बर्गादार नोंदले गेले.

इथे वाट्याबरोबर दुसरीही गोष्ट बदलली, ती म्हणजे हकालपट्टीची भीती. तिचे परिणाम दोन दिशांना जातात. पुढच्या वर्षी शेत जाईल ही धमकी मालकाच्या हातातला चाबूक असते. ती गेली की थोडी मेहनत कमी व्हायला हवी. पण ज्याला पुढच्या वर्षीची खात्री नाही, तो शेणखत टाकणार नाही, बांध दुरुस्त करणार नाही, कारण त्यांचं फळ दोन-तीन वर्षांनी मिळतं आणि तेव्हा शेतात कोण असेल कुणास ठाऊक. शिवाय ज्याला काढता येत नाही, तो वाट्यासाठी भांडू शकतो. कायद्यानं दिलेले ७५ टक्के सगळ्यांना मिळाले असं नाही, पण नोंद झालेल्या माणसाला पूर्वीपेक्षा चांगली बोली करता आली.

बॅनर्जी, गर्टलर आणि घटक यांनी २००२ मध्ये याचा हिशेब मांडला. त्यांनी एकीकडे पश्चिम बंगालची तुलना शेजारच्या बांगलादेशशी केली, जिथे हवामान आणि पीक सारखं पण अशी नोंदणी नाही. दुसरीकडे राज्याच्या आतल्या जिल्ह्यांची तुलना केली, कारण नोंदणी सगळीकडे एकाच वेगानं झाली नव्हती. त्यांच्या अंदाजानुसार नंतरच्या काळात शेतीची उत्पादकता जेवढी वाढली, त्यातला सुमारे २८ टक्के भाग या सुधारणेमुळे होता. याच वर्षांत तिथे उथळ नलिका विहिरी पसरत होत्या, उन्हाळी भाताचं क्षेत्र वाढत होतं आणि पंचायती नव्यानं उभ्या राहत होत्या, त्यामुळे हा आकडा नेमका किती यावर अभ्यासकांमध्ये वाद आहे. वाढीतला किती भाग मोठ्या वाट्याचा आणि किती भाग काढून टाकलं जाणार नाही या खात्रीचा, हेही बंगालच्या आकड्यांमधून वेगळं करता येत नाही, कारण दोन्ही एकाच नोंदणीतून आले. युगांडातल्या चिठ्ठ्यांमुळे त्यातला पहिला भाग स्वतंत्र मोजता आला. खात्रीचा भाग अजून तितक्या स्वच्छपणे मोजायचा आहे, आणि त्यासाठी एका हंगामाचा प्रयोग पुरणार नाही, कारण शेणखताचं आणि बांधाचं फळ दिसायलाच काही वर्षं लागतात.